वगळलेला चॅप्टर

सर, परवा तुमच्यासाठी शोकसभा झाली. करोल बागेतला तो हॉल, तेच खुर्च्यांचे पांढरे कव्हर्स, तोच करकरणारा माईक. माणसं एकामागून एक उठून बोलली. कोणी म्हणालं प्रेमळ, कोणी म्हणालं ऋषितुल्य. मी मागे बसून मनात म्हणत होते, प्रेमळ? हा माणूस? अहो, चहात साखर जास्त पडली म्हणून कप खिडकीत ठेवून देणारे तुम्ही. माझ्या पहिल्या ड्राफ्टवर "हे मराठीत विचार करून लिहिलंय की झोपेत?" असं लाल शाईत लिहिणारे तुम्ही. ऋषितुल्य म्हणे! मला बोलायला बोलावलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, बिचारीला भरून आलंय. भरून आलं होतंच, पण ते तसलं नव्हतं. माईकसमोर उभी राहिले असते तर खरं बोलले असते, आणि पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या.

म्हणून इथे बोलते. तुमच्याशीच बोलायचं राहिलंय, बाकीच्यांशी माझं काही काम नाही.

तुम्ही माझे पीएच.डी.चे गाइड. मी नागपूरहून आलेली, दिल्लीच्या थंडीत दोन स्वेटर घालून कुडकुडणारी वैजयंती टिळेकर. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला यमुनेच्या खादरात नेलंत. खादर म्हणजे नदीकाठची ती सखल जमीन, जिथे पुराचं पाणी पसरतं आणि एरवी शेतकरी भोपळे-काकड्या लावतात. तुमच्या मयूर विहारच्या गच्चीवरून ती दिसायची. "ती बघ आपली लॅब," तुम्ही म्हणालात, "फुकटची आहे, पण चिखल आपला आपण धुवायचा." आणि मग वर्षानुवर्षं आपण तो चिखल धुतला. मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून, तुम्ही त्या भयंकर खाकी हाफ पँटमध्ये. शेतकऱ्यांच्या हातपंपांमधलं पाणी किती खोल आहे ते टेपने मोजायचं, बाटलीत भरायचं, त्यातले क्षार मोजायचे. एवढंच काम. पण तुम्ही ते असं करायला लावायचात की जणू ऑपरेशन चाललंय. टेप ओली करून पुन्हा पुसली नाही तर शिवी. खास पुणेरी शिवी, ज्यात एकही अपशब्द नसतो आणि माणूस दोन दिवस जेवत नाही.

आठवतंय, तीन नंबरचा पंप चोरीला गेला होता? अख्खा पंप, पाइपासकट. आपण पोचलो तर जमिनीत नुसतं भोक. मी म्हटलं, सर, चारला तीन करू, पाचला चार करू, नंबर नीट लागतील. तुम्ही असे डोळे वटारलेत! "चोराने पंप नेला, नंबर नाही नेला," म्हणालात. "विहिरीचा नंबर एकदा दिला की दिला." तेव्हापासून आपल्या सगळ्या कागदांवर एक, दोन, चार, पाच. कोणी विचारलं तर आपण दोघं हसायचो, सांगायचो नाही.

आणि त्याच चिखलात मला ती गोष्ट सुचली. सगळे म्हणायचे नदी आपल्या तळातून झिरपते आणि आजूबाजूच्या जमिनीला पाणी पाजते. पुस्तकात तसंच. पण आपली नदी काय नदी होती? नाल्यांचा गाळ तिच्या तळाशी असा थापलेला की खालची वाळू बंद. मला वाटलं, ही तळातून काही पाजत नाही. ही पाजते फक्त पूर आला की, काठ ओलांडून खादरात पसरून, दिवसच्या दिवस उभी राहून. त्या वर्षीच्या पुरानंतर पंपांमधलं पाणी वर आलं, आणि गोडं झालं. नाल्याचं खारट पाणी तळातून शिरत असतं तर गोडं कसं झालं असतं? मी धावत तुमच्याकडे आले होते. तुम्ही दाढी करत होतात. अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच ठेवून तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "बस. परत सांग. सावकाश." त्या दिवशी मला वाटलं होतं की आयुष्यात यापेक्षा जास्त काही नको.

मग मी त्यावर चॅप्टर लिहिला, प्रबंधातला पाचवा. आणि तुम्ही तो काढायला लावलात.

"एका पुरावर सिद्धान्त उभा राहत नाही, वैजू. परीक्षक फाडून खातील. दुसरा पूर येऊ दे."

"दुसरा पूर कधी येणार, सर? यमुनेला फोन करू का?"

"वाट बघ. मला घाई दिसली की संशय येतो."

मी रडले, भांडले, तुमच्या टेबलावर फाइल आपटली. तुम्ही शांतपणे पेन्सिलने प्रत्येक पानावर आडवी रेघ मारलीत. खरं सांगते, सर, तुम्ही भित्रे आहात असंच मला वाटलं. मोठ्या लोकांनी तळातून झिरपण्यावर आख्खी करिअर्स उभी केली होती, त्यांच्याशी पंगा नको म्हणून तुम्ही माझी मुंडी मुरगाळलीत, असं मी पुढे किती वर्षं मानलं. डिग्री मिळाली. नोकरी मिळाली, सरकारी, पाण्याचीच. आलोकशी लग्न झालं आणि मी वैजयंती सक्सेना झाले. त्यावरूनही तुम्ही चिडलात. "पेपरवर बाईने नाव बदलू नये. अर्धं काम एका नावावर, अर्धं दुसऱ्या नावावर. लोकांना वाटतं दोन बायका आहेत." मी म्हटलं, पेन्शनच्या कागदांवर एक नाव लागतं, सर. तुम्ही म्हणालात, "पेन्शन खा मग." हे भांडण आपलं कधीच मिटलं नाही. दिवाळीला मी डबा घेऊन मयूर विहारला यायचे, काकूंच्या चकल्या खायचे, तुम्ही मला टिळेकरच म्हणायचात आणि चॅप्टरचं नाव दोघंही काढायचो नाही.

आता या वर्षाचं सांगते. तुम्हाला माहीत नसलेलं.

मार्चमध्ये मला एका जर्नलकडून मेल आली. एका पेपरचं परीक्षण कराल का? रिव्ह्यूअर म्हणून मला अशा मेल येतच असतात. बाहेरच्या लोकांना वाटतं त्यात काही मोठा मान असतो. कसला मान, बिनपगारी कामवाली! लेख छापण्याआधी संपादक दोघातिघा जाणकारांना तो वाचायला देतो, आपण चुका काढायच्या, शंका विचारायच्या, छापावा की नाही ते सांगायचं. या जर्नलमध्ये नावं दोन्ही बाजूंनी झाकलेली असतात. लेखक कोण ते मला कळत नाही, मी कोण ते लेखकाला कळत नाही. मेलमध्ये नुसता सारांश होता, उत्तरेकडच्या एका शहराजवळच्या पूरमैदानातलं भूजल. असे शंभर असतात. मी हो म्हटलं.

फाइल उघडली. दुसऱ्या पानावर तळातल्या गाळाचं. तिसऱ्या पानावर पूर काठ ओलांडतो त्याचं. चहा पीत होते, कप खाली ठेवला. म्हटलं ठीक आहे, सुचू शकतं दुसऱ्यालाही, नदी काही माझ्या बापाची नाही. मग मी तक्त्यापाशी आले. विहिरी: एक, दोन, चार, पाच. तीन नंबरचं कुठे नाव नाही, खाली टीपसुद्धा नाही.

सर, तो तीन का नाही ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. पुढे सगळं माझं होतं. युक्तिवादाचा तोच क्रम, तेच "आधी पाण्याची पातळी बघू, मग क्षार", अगदी त्याच जागी तीच शंका आणि तेच उत्तर. फक्त इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. आणि एक गोष्ट नवीन होती. दुसरा पूर. अलीकडचा तो मोठा पूर, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यातली त्याच पंपांची मोजमापं.

त्या चॅप्टरच्या दोनच प्रती होत्या. एक माझ्या लोखंडी पेटीत आणि एक तुमच्याकडे.

मी आलोकला दाखवलं. तो इंजिनियर माणूस, त्याचं सरळ असतं. "यार, सर को फोन कर लो. पूछ लो, बात खतम."

"नाही करता येत," मी म्हटलं.

"क्यों नहीं?"

का ते मी त्याला समजावलं, आणि समजावता समजावता स्वतःलाच बजावलं. रिव्ह्यूअरला मिळालेला पेपर ही दुसऱ्याची ठेव असते. त्याबद्दल लेखकाशी बोलायचं नाही, लेखक कोण याचा अंदाज आला तरी नाही. त्यातलं काही स्वतःसाठी वापरायचं नाही. मी माझा जुना चॅप्टर काढून घाईघाईत कुठे ऑनलाइन टाकला असता, म्हणजे माझी तारीख आधीची दिसेल, तर चोर मी ठरले असते, कारण दुसऱ्या पुराचे आकडे वाचून झाल्यावर मी तो टाकला असता. परीक्षणात चुका काढून पेपर पाडणं सगळ्यात सोपं होतं. "एका ठिकाणाचा अभ्यास, निष्कर्ष अपुरे" एवढं लिहिलं की काम तमाम, कोणाला पत्ता लागत नाही. महिनोन्‌महिने परीक्षण अडवून ठेवणारेही महाभाग मला माहीत आहेत. आणि गप्प बसून "छान आहे, छापा" लिहिणं हाही एक रस्ता होता. तो मला सगळ्यात घाण वाटला.

उरलं एकच. संपादकाला सांगायचं, मी हे परीक्षण करू शकत नाही, या पेपरमध्ये माझा संबंध गुंतलाय, आणि तो कसा ते हे बघा.

तरी मी चार दिवस काही केलं नाही. ऑफिसला मेट्रोने जाताना यमुनेच्या पुलावर रोज मान वळवून खादराकडे बघायची सवय, तीही सुटली. मला राग चोरीचा नव्हता, सर. पेपर चोरतात लोक, मी बघितलंय. माझ्या चॅप्टरवर पेन्सिल फिरवणाऱ्या माणसाने तोच चॅप्टर आपल्या नावावर काढावा, याने मी आतून कुजले. म्हणजे तेव्हा तो चांगला होता! तुम्हाला तेव्हाच कळलं होतं की तो चांगला आहे! एवढी वर्षं मी तुम्हाला भित्रे समजत होते, आता वाटलं की तुम्ही धूर्त आहात. भित्र्या माणसावर प्रेम करता येतं, मी केलं होतं.

पाचव्या दिवशी मी संपादकांना लिहिलं. भाषा अगदी कोरडी ठेवली. लेखक कोण ते मला माहीत नाही असं लिहिलं, कारण कागदोपत्री माहीत नव्हतंच. या पेपरची मूळ कल्पना माझ्या एका अप्रकाशित प्रकरणात आहे, विहिरींचे क्रमांकही तेच आहेत, सोबत त्या प्रकरणाची स्कॅन केलेली पानं. पेन्सिलच्या रेघांसकट. चोरी हा शब्द मी वापरला नाही, पण तो शब्द न वापरता मी तेच लिहिलं होतं.

संपादक कोणी बाई होत्या, परदेशी, सभ्य. त्यांनी कळवलं की माझं परीक्षण थांबवलं आहे, लेखकाकडे खुलासा मागितला आहे, माझं नाव गुप्त राहील. शब्दन्‌शब्द सारखा असता तर सॉफ्टवेअरने पकडलं असतं, पण कल्पनेच्या बाबतीत तसं नसतं, दोन माणसांना स्वतंत्रपणे तेच सुचू शकतं, म्हणून आधी लेखकाचं म्हणणं ऐकावं लागेल. आणि तोपर्यंत मी कृपया या विषयावर कोणाशीही, विशेषतः ज्याच्यावर माझा संशय असेल त्याच्याशी, बोलू नये.

बरोबरच होतं त्यांचं. मीही त्यांच्या जागी हेच लिहिलं असतं.

आणि पुढच्याच आठवड्यात तुमचा फोन आला.

मी ऑफिसात होते. स्क्रीनवर "सर" दिसलं. मी फोन उलटा ठेवला. संध्याकाळी पुन्हा आला, मी भाजी चिरत होते, आलोक म्हणाला "उठाओ ना", मी म्हटलं "नाही". मग तुमचा मेसेज. "टिळेकर, फोन कर. पाण्याबद्दल बोलायचंय." मी वाचला. मी वाचलाय हे तुम्हालाही दिसलं असणार, ती दोन निळ्या रेघोट्यांची भानगड मी तुम्हालाच शिकवली होती. मला वाटलं, आता खुलासा मागितलाय म्हणून फोन येतोय. आता मला गोड बोलणार, जुन्या आठवणी काढणार, म्हणणार वैजू जाऊ दे. मी स्वतःला म्हटलं, नियम आहे. नियमामागे लपायला किती बरं वाटतं, सर! छाती कशी ताठ राहते!

मग काकूंचा फोन आला, तेव्हा तुम्ही आयसीयूत होतात. छाती भरली होती. मी आले तेव्हा तोंडावर मास्क होता आणि डोळे मिटलेले. मी काचेच्या बाहेर उभी राहिले. मला रडू येत होतं आणि राग पण येत होता, दोन्ही एकदम, आणि कुठलंच धड येत नव्हतं. पहाटे तुम्ही गेलात. निगमबोध घाटावर मी बायकांमध्ये उभी होते आणि माझ्या डोक्यात तुमचा खुलासा चालला होता. आता तो कोण देणार?

तो दिला संपादकबाईंनी. तुम्ही गेल्यावर आठवड्याभरात त्यांची मेल आली. लेखकाकडून उत्तर आलं नाही, असं म्हणून पुढे त्यांनी लिहिलं होतं: फाइल पुन्हा तपासताना एक गोष्ट लक्षात आली. आपण पाठवलेल्या प्रकरणावर जे नाव आहे, वैजयंती टिळेकर, तेच या पेपरच्या पहिल्या लेखकाचं नाव आहे. त्या आपणच का?

मी ती ओळ किती वेळा वाचली ते विचारू नका.

पहिली लेखिका मी, तुम्ही दुसरे. लेखकांपैकी कोणी काय केलं ते लिहायची एक जागा असते, तिथे तुम्ही लिहिलं होतं: कल्पना, पहिली लेखिका. मोजमापं, दोघे. बस.

सक्सेना आणि टिळेकर एकच, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार? खादरावर काम करणारं कोण म्हणून त्यांनी शोधलं, सक्सेना सापडली, तिला पेपर धाडला. लोकांना वाटतं दोन बायका आहेत. आणि पेपर दाखल झाला की प्रत्येक लेखकाला आपोआप मेल जाते, तुमचं नाव यात आहे, मान्य आहे ना? माझी ती मेल गेली होती संस्थेतल्या माझ्या विद्यार्थिनी काळच्या पत्त्यावर, जो कधीच बंद झालाय. मला आधी वाटलं, म्हातारपणी तुमची चूक झाली. मग काकू म्हणाल्या.

त्या दिवशी मी त्यांना सोबत म्हणून गेले होते. त्या तुमचे स्वेटर घडी करत होत्या. सहज म्हणाल्या, "अगं, तुला कळलं का त्या पेपरचं? आता सांगायला हरकत नाही. म्हणत होते, पास झाला की छापील प्रत तिच्या हातात ठेवायची, तोवर चकार शब्द काढू नकोस. जुना पत्ता मुद्दाम घातला बरं का, नव्यावर घातला तर तिला मेल जाते आणि मजा जाते म्हणाले."

"आणि ती मोजमापं, काकू? त्या हिवाळ्यातली?"

"स्वतः जायचे की! रिक्षा करून, स्वेटरवर स्वेटर चढवून. मी म्हटलं, या वयात चिखलात? तर म्हणाले, दुसरा पूर आलाय, आता नाही तर कधी." मग हातातला स्वेटर खाली ठेवून म्हणाल्या, "शेवटी एक कसलीशी मेल आली त्यांना. बराच वेळ बसून राहिले. म्हणाले, घोळ झालाय, वैजूशी बोलायला हवं. तू बिझी होतीस बहुतेक."

हो काकू, मी बिझी होते.

काय समजलात तुम्ही, सर? ती मेल वाचून? कोणीतरी म्हणतंय की यातली कल्पना दुसऱ्या कोणाची आहे, असं वाचून हसलात का? "अर्थात दुसऱ्या कोणाची आहे, नाव घातलंय की!" असं म्हणालात का? की तुम्हाला लगेच कळलं? तुम्हाला सगळं लगेच कळायचं. पेन्सिलच्या रेघांचा उल्लेख त्या मेलमध्ये होता का? मी बाईंना विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही. मी फोन उचलला नाही तेव्हा तुम्हाला काय वाटलं, याचं उत्तर आता जगात कुणाकडेच नाही, आणि मी त्याच्याशिवाय जगणार आहे.

पण थांबा. सगळा दोष मी घेणार नाही. तुम्ही चुकलात! विचारायचं असतं, सर! दुसऱ्याचं नाव पेपरवर त्याला न विचारता घालता येत नाही, हे तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलंत. चांगल्या जागी घातलं तरी नाही. एक वाक्य, एवढंच. "टिळेकर, पूर आला, तुझा चॅप्टर काढ बाहेर." मी धावत आले असते. मी तुमच्याबरोबर चिखलात आले असते, टेप पुसली असती. एवढ्या वर्षांत तुम्हाला "मी चुकलो" म्हणता आलं नाही म्हणून तुम्ही आख्खा पेपर लिहिलात! किती हट्टी असावं माणसाने. काकूंसमोर मी गप्प होते, घरी येऊन भांडी आपटत तुमच्यावर ओरडले. आलोक दाराशी आला आणि तसाच परत गेला, तेवढं त्याने बरं केलं.

आणि तरी, सर, माझा राग पुरत नाही. कल्पना, पहिली लेखिका. हे तुम्ही लिहिलंत. जे तुमच्या तोंडून ऐकायला मी अर्धं आयुष्य चकल्या खात बसले होते ते तुम्ही लिहून ठेवलंत, आणि ज्या फाइलवर ते होतं तिच्याविरुद्ध मी तक्रार केली.

मी बाईंना कळवलं, हो, ती मीच. माझी तक्रार मागे घेते. त्या फार चांगल्या वागल्या. माझं परीक्षणाचं काम अर्थातच रद्द, पेपर नव्या रिव्ह्यूअर्सकडे जाईल, दिवंगत लेखकाचं नाव तसंच ठेवता येतं. फक्त जिवंत लेखक म्हणून संपूर्ण पेपरची जबाबदारी आता माझी. मी तो मान्य करते का, आणि दुसऱ्या पुरानंतरची मूळ मोजमापं देऊ शकते का? तक्त्यात फक्त सरासऱ्या होत्या. आणि पाच नंबरच्या पंपाचा आकडा मलाच खटकला होता, रिव्ह्यूअर म्हणून. समासात मी लिहूनही ठेवलं होतं: मूळ नोंदी मागवाव्यात.

मी मयूर विहारला गेले. तुमच्या कॉम्प्युटरवर त्याच सरासऱ्या. मोजमापं तुम्ही कागदावरच घेणार, मला माहीत होतं. कपाट उघडलं, रिकामं. टेबलाचा खण रिकामा.

"रद्दीवाल्याला दिलं गं सगळं," काकू म्हणाल्या. "तेराव्यानंतर घर मोकळं करावं म्हणतात. चिखलाचे कागद होते नुसते. काही हवं होतं का तुला?"

"नाही काकू. असंच बघत होते."

कॉलनीतल्या रद्दीवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, "मैडम, माल तो कब का गाज़ियाबाद निकल गया." खादरातही गेले. एक आणि दोन नंबरचे पंप आहेत. चार आणि पाचच्या जागी कुंपण आहे, आत खडी पडलीय. आता पुन्हा मोजून मिळणार नाही, आणि मोजलं असतं तरी तो हिवाळा परत येणार नव्हता.

आलोक म्हणाला, "सरासरी तो है ना? सर झूठ थोड़ी लिखेंगे." नाही, तुम्ही खोटं लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. पण मला माहीत असणं म्हणजे पुरावा नाही. दुसऱ्या कोणाचा पेपर असता, मूळ नोंदी नाहीत, लेखक गेलेला, एक आकडा खटकणारा, तर मी काय लिहिलं असतं? दुसरा पूर काढून टाकला, तर उरतो माझा जुना चॅप्टर, एकाच पुरावर उभा. त्यावर तुम्ही तेव्हाच रेघ मारली होती, आणि ती रेघ बरोबर होती. तुम्ही भित्रे नव्हतात. हे मला आत्ता कळतंय, आणि याचा आता कोणाला काय उपयोग?

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "टिळेकर, आकड्याला भावना नसते." मी सोमवारी सकाळी पेपर मागे घेतला.

मागे घेतला की जर्नलची यंत्रणा सगळ्या लेखकांना आपोआप मेल धाडते. हे मी विसरले होते. अर्ध्या तासात काकूंचा फोन आला.

"वैजू, यांच्या फोनवर काहीतरी आलंय. इंग्रजीत आहे, अक्षरं बारीक आहेत, चष्मा सापडत नाहीये. पण तुझं नाव आहे बघ वर, आणि खाली यांचं. त्या पेपरचंच आहे ना?"

"हो काकू."

"पास झाला का गं?"

ऑफिसात एसी चालू होता. समोरच्या टेबलावर कोणीतरी स्टेपलर मागत होतं.

"हो काकू," मी म्हटलं. "झाला."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "संध्याकाळी ये. येताना काही आणू नकोस, मी मागवते."

मी गेले. तुमच्या फोटोसमोर पेढ्यांचा बॉक्स उघडा ठेवला होता. एक त्यांनी तुमच्यापुढे ठेवला आणि एक माझ्या हातावर. "खा," म्हणाल्या, "तुझा मान पहिला, असंच म्हणायचे ते." मी तो पेढा खाल्ला, सर.